एकाच पुरवठादाराचे रिजेक्शनचे प्रमाण प्रत्येक वेळी वेगळे येते: तपासणी नोंदींवरून गुणपत्रक बनवताना कुठे चुकते आणि ते कसे दुरुस्त करावे

समस्या अशी आहे. महिनाअखेरीस आवक मालाच्या तपासणी नोंदी आणि रिजेक्शनच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक पुरवठादाराचे गुणपत्रक तयार केले जाते. त्यात किती माल आला, किती नाकारला, त्याचे प्रमाण किती आणि कोणत्या प्रकारचे दोष जास्त होते, एवढेच दाखवायचे असते. तरीही एकाच पुरवठादाराच्या, एकाच महिन्याच्या मालासाठी गुणवत्ता विभागाचा आकडा एक येतो, खरेदी विभागाचा दुसरा आणि पुरवठादार स्वतः काढतो तो तिसरा. आपण एकदा बसून ते जुळवतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच तफावत समोर येते.

माझ्या अनुभवातील एका महिन्याचे उदाहरण घेऊनच हे सांगतो. ओळख कळू नये म्हणून पुरवठादाराला 'क' म्हटले आहे आणि आकडे गोल केले आहेत. 'क'चे त्या महिन्यात यंत्रावर कातलेल्या नगांचे चार लॉट आले आणि चारही लॉटमधील प्रत्येक नग तपासला गेला. तपासणी नोंदवहीवरून एकाने प्रमाण काढले ते १.६५ टक्के आले. रिजेक्शनच्या नोंदवहीवरून दुसऱ्याने काढले ते ३.८ टक्के आले. खरे प्रमाण २.५३ टक्के होते. कोणीही बेरीज चुकवली नव्हती, सूत्रातही चूक नव्हती. नोंदवहीतील एक ओळ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येकाने वेगळे गृहीत धरले होते.

सर्वांत आधी करायची तपासणी

प्रमाणाकडे पाहण्याआधी फक्त छेद पाहावा. गुणपत्रकात त्या पुरवठादाराची 'आलेला माल' ही जी बेरीज आहे, ती स्टोअरच्या आवक नोंदीतील त्याच महिन्याच्या बेरजेशी जुळते का, एवढेच तपासावे. 'क'च्या बाबतीत स्टोअरमध्ये ३,००० नग आल्याची नोंद होती. तपासणी नोंदवहीवरून बनवलेल्या तक्त्यात ४,८०० नग दिसत होते आणि रिजेक्शन नोंदवहीवरून बनवलेल्या तक्त्यात २,००० नग.

या एका तपासणीवरून चूक कोणत्या बाजूची आहे हे लगेच कळते. छेद स्टोअरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर कोणता तरी लॉट एकाहून अधिक वेळा मोजला गेला आहे. तो लहान असेल, तर काही लॉट यादीत आलेलेच नाहीत, आणि बहुधा ते निर्दोष लॉट असतात. छेद जुळत असूनही प्रमाण वेगळे येत असेल, तरच अंशाकडे, म्हणजे नाकारलेल्या नगांच्या मोजणीकडे वळावे.

छेद मोठा होण्याचे कारण: 'वरीलप्रमाणे'च्या खुणा

कागदी नोंदवहीचे पान डोळ्यांसमोर आणा. लॉट १०१ च्या ओळीत आवक क्रमांक, तारीख, पुरवठादार, वस्तू आणि ५०० नग असे लिहिलेले आहे, आणि पुढे 'माप जास्त – १२'. खालच्या ओळीत पहिल्या पाचही रकान्यांत 'वरीलप्रमाणे'च्या दोन छोट्या रेघा आहेत आणि पुढे 'बर – ८', म्हणजे नगाच्या कडेला राहिलेल्या धातूच्या धारदार कंगोऱ्याचे ८ दोष. तिसऱ्या ओळीत पुन्हा त्याच रेघा आणि 'गंज – ५'. कागदावर वाचणाऱ्याला हा एकच लॉट आहे याबद्दल शंका येत नाही.

हेच पान संगणकावर भरताना त्या रेघा चालत नाहीत, कारण रिकाम्या किंवा रेघांच्या ओळी पुरवठादाराच्या नावाने गाळता येत नाहीत. म्हणून नोंद भरणारा प्रत्येक ओळीत पूर्ण माहिती लिहितो, आणि त्यात ५०० हा आकडाही तीनदा लिहिला जातो. त्याच्या दृष्टीने त्याने काळजीपूर्वक काम केलेले असते. पुढे पिव्होट टेबलने 'आलेला माल' या रकान्याची बेरीज घेतली की ५०० नगांचा लॉट १,५०० नगांचा होतो.

'क'चे चारही लॉट असे होते. लॉट १०१ मध्ये ५०० नग आणि दोषांच्या तीन ओळी: माप १२, बर ८, गंज ५. लॉट १०२ मध्ये १,००० नग आणि एकही दोष नाही, म्हणून 'निरंक' अशी एक ओळ. लॉट १०३ मध्ये ८०० नग आणि दोन ओळी: माप ३०, आटे खराब १०. लॉट १०४ मध्ये ७०० नग आणि एक ओळ: गंज १४. ओळींप्रमाणे बेरीज केली तर १,५०० + १,००० + १,६०० + ७०० म्हणजे ४,८०० नग होतात, आणि दोषांची बेरीज ७९ होते. ७९ भागिले ४,८०० म्हणजे १.६५ टक्के.

या चुकीचा परिणाम उलट्या दिशेने होतो, हे मला सर्वांत गंभीर वाटते. ज्या लॉटमध्ये दोषांचे प्रकार जास्त, त्याच्या ओळी जास्त. ओळी जास्त म्हणजे छेद मोठा, आणि छेद मोठा म्हणजे प्रमाण कमी. एकाच प्रकारचा दोष असलेल्या पुरवठादारापेक्षा पाच प्रकारचे दोष पाठवणारा पुरवठादार कागदावर चांगला दिसतो. गुणपत्रक केवळ अचूकतेत कमी पडत नाही, तर ते पुरवठादारांचा क्रमच फिरवून टाकते.

छेद लहान होण्याचे कारण: निर्दोष लॉटची नोंदच नसणे

रिजेक्शनची नोंदवही मुळात नाकारलेला माल परत पाठवण्यासाठी ठेवलेली असते, त्यामुळे लॉट १०२ तिच्यात असण्याचे कारणच नव्हते. त्या नोंदवहीवरून गुणपत्रक बनवणाऱ्याने लॉट पुन्हा मोजला जाऊ नये याची काळजी घेतली होती आणि नाकारलेले नगही बरोबर, म्हणजे ७६, घेतले होते. परंतु छेदात फक्त ५००, ८०० आणि ७०० म्हणजे २,००० नग आल्यामुळे प्रमाण ३.८ टक्के झाले. पुरवठादाराने सर्वाधिक चांगला पाठवलेला लॉटच हिशेबातून गळाला, आणि त्याने आक्षेप घेतला तो रास्त होता.

डेटाबेसमधून तक्ता काढणाऱ्यांकडून हीच चूक दुसऱ्या वाटेने होते. लॉटचा तक्ता आणि दोषांचा तक्ता साध्या `JOIN` ने जोडला की दोष नसलेले लॉट गळतात आणि अनेक दोष असलेले लॉट अनेकदा येतात. दोन्ही चुका एकाच वेळी होतात. 'क'साठी छेद ३,८०० आणि प्रमाण २.०८ टक्के येते, जे वरच्या दोन्ही चुकीच्या आकड्यांच्या मधले असल्यामुळे पटण्यासारखे दिसते आणि म्हणून अधिक काळ लपून राहते.

दुरुस्ती: एक लॉट एक ओळ, आणि दोष वेगळ्या पानावर

कायमचा उपाय म्हणजे नोंदी दोन पानांवर विभागणे. पहिल्या पानावर, ज्याला `Lots` म्हणू, प्रत्येक लॉटची एकच ओळ असावी, मग त्यात दोष असोत वा नसोत. दुसऱ्या पानावर, `Defects` वर, प्रत्येक दोषप्रकाराची एक ओळ असावी आणि तिथे आलेल्या मालाचा आकडा मुळीच लिहू नये. तो रकानाच नसेल तर त्याची चुकीची बेरीजही होणार नाही.

`Lots` मधील रकाने असे ठेवावेत: A आवक क्रमांक, B तारीख, C पुरवठादार संकेतांक, D वस्तू संकेतांक, E आलेले नग, F तपासलेले नग, G सदोष आढळलेले नग, H परत पाठवलेले नग, I निर्णय. `Defects` मध्ये A आवक क्रमांक, B वस्तू संकेतांक, C दोष संकेतांक, D त्या दोषाची संख्या. आवक क्रमांकासोबत वस्तू संकेतांक दोन्हीकडे आवश्यक आहे, कारण एकाच आवकेत दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू येतात आणि फक्त आवक क्रमांकावर जोडले तर एका वस्तूचे दोष दुसरीच्या नावावर जातात.

G हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो, आणि तोच अंशाचा आधार आहे. लॉट १०१ मध्ये दोषांची बेरीज २५ होते, पण सदोष नग टाकण्याच्या लाल डब्यात प्रत्यक्ष २२ नग होते, कारण तीन नगांवर मापही चुकलेले होते आणि बरही होती. दोष मोजणे आणि सदोष नग मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणासाठी नग मोजायचे आणि दोषप्रकारांच्या वाट्यासाठी दोष मोजायचे. तपासनीसाने लॉट संपल्यावर लाल डब्यातील नग एकदा मोजून G मध्ये लिहावेत, एवढी एकच वाढीव कृती त्याला सांगावी लागते.

आता 'क'चा हिशेब सरळ होतो. २२ + ० + ४० + १४ म्हणजे ७६ सदोष नग, तपासलेले ३,०००, प्रमाण २.५३ टक्के. प्रति दहा लाखांत सांगायचे तर सुमारे २५,३३३. गुणपत्रकाच्या पानावर A2 मध्ये पुरवठादार संकेतांक, H1 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि H2 मध्ये पुढच्या महिन्याची पहिली तारीख ठेवल्यास सूत्र असे होते:

```
=SUMIFS(Lots!G:G,Lots!C:C,A2,Lots!B:B,">="&$H$1,Lots!B:B,"<"&$H$2)
 /SUMIFS(Lots!F:F,Lots!C:C,A2,Lots!B:B,">="&$H$1,Lots!B:B,"<"&$H$2)
```

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपेक्षा लहान, अशी अट मुद्दाम घातली आहे. आवक नोंदीत तारखेसोबत वेळही साठवलेली असेल आणि अट 'शेवटच्या तारखेपर्यंत' अशी असेल, तर शेवटच्या दिवशी आलेले लॉट निमूटपणे गळतात.

येथे आणखी एक मोह टाळावा लागतो. प्रत्येक लॉटचे प्रमाण काढून त्यांची सरासरी घेऊ नये. 'क'च्या लॉटची प्रमाणे ४.४, ०, ५ आणि २ टक्के आहेत आणि त्यांची सरासरी २.८५ येते. या सरासरीत ५०० नगांच्या लॉटला १,००० नगांच्या लॉटइतकेच वजन मिळते. आधी बेरजा कराव्यात आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.

नोंद बरोबर भरली गेली का, हे पाहण्यासाठी `Lots` च्या शेवटी एक पडताळणीचा रकाना ठेवावा:

```
=SUMIFS(Defects!D:D,Defects!A:A,A2,Defects!B:B,D2)-G2
```

उत्तर शून्य किंवा धन असेल तर ठीक, कारण एका नगावर एकाहून अधिक दोष असू शकतात. उत्तर ऋण आले तर काही सदोष नगांचे कारण लिहायचे राहिले आहे, आणि गुणपत्रक बनवण्याआधी तो लॉट तपासनीसाकडे परत पाठवावा. महिनाभरानंतर विचारले तर कोणालाच आठवत नाही.

जुन्या नोंदींचे काय करावे

नवी पद्धत सुरू होईपर्यंतच्या नोंदी जुन्याच साच्यात असतात. त्यांतील पुनरावृत्ती काढण्यासाठी प्रत्येक लॉटच्या पहिल्याच ओळीत आलेले नग घ्यायचे आणि पुढच्या ओळींत शून्य, असा एक सहायक रकाना पुरतो. जुन्या तक्त्यात A मध्ये आवक क्रमांक, D मध्ये वस्तू आणि E मध्ये आलेले नग असतील तर:

```
=IF(COUNTIFS($A$2:A2,A2,$D$2:D2,D2)=1,E2,0)
```

हे करण्याआधी एकाच लॉटच्या सर्व ओळींत E चा आकडा सारखा आहे की नाही, ते पाहावे. एखाद्या ओळीत ५०० ऐवजी ५० लिहिले गेले असेल आणि तीच ओळ पहिली असेल, तर दुरुस्ती करता करता नवी चूक होते.

सदोष नगांची संख्या मात्र जुन्या नोंदींतून परत मिळत नाही. लॉट १०१ मध्ये १२, ८ आणि ५ एवढेच माहीत असेल, तर सदोष नग किमान १२ असतील, कारण सर्वांत मोठ्या दोषाएवढे नग तरी सदोष आहेतच. आणि कमाल २५ असतील. अशा महिन्यांसाठी मी एकच आकडा न देता दोन टोके देतो. 'क'साठी किमान ५६ आणि कमाल ७९ नग, म्हणजे १.८७ ते २.६३ टक्के. त्या दोन टोकांच्या आत २.५३ येते, पण १.६५ येत नाही. अंशातील अनिश्चिततेपेक्षा छेदाची चूक मोठी होती, हे यावरून दिसते.

नमुना तपासणीत उद्भवणारा वेगळा प्रश्न

येथवरचे उदाहरण प्रत्येक नग तपासलेल्या मालाचे होते. नमुना तपासणी असेल तर 'नाकारलेले नग' या शब्दांचा अर्थच बदलतो, आणि सर्वांत मोठी तफावत मी तिथेच पाहिली आहे.

समजा पुरवठादार 'ख'चा १,००० नगांचा लॉट आला. आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यांप्रमाणे, सर्वसाधारण तपासणी पातळी २ आणि एक्यूएल, म्हणजे स्वीकार्य गुणवत्ता मर्यादा, १.० धरल्यास, ५०१ ते १,२०० नगांच्या लॉटसाठी नमुना ८० नगांचा असतो. त्यात २ पर्यंत सदोष नग चालतात आणि ३ निघाले की लॉट नाकारला जातो. आपल्याला ४ निघाले. आता नोंदवहीत काय लिहायचे? एक तपासनीस '४' लिहितो आणि १,००० ने भागल्यावर ०.४ टक्के येतात. दुसरा संपूर्ण लॉट परत जाणार म्हणून '१,०००' लिहितो आणि १०० टक्के येतात. नमुन्याने प्रत्यक्ष दाखवलेले प्रमाण ४ भागिले ८०, म्हणजे ५ टक्के आहे.

म्हणूनच F, G आणि H हे तीन रकाने वेगळे ठेवायचे आहेत. F मध्ये ८०, G मध्ये ४, H मध्ये १,००० आणि I मध्ये 'लॉट नाकारला'. सदोषतेचे प्रमाण G भागिले F ने काढावे. त्याच्या शेजारी लॉट नाकारण्याचे प्रमाण, म्हणजे नाकारलेले लॉट भागिले आलेले लॉट, असा वेगळा आकडा द्यावा. पहिला आकडा पुरवठादाराची प्रक्रिया कशी आहे हे सांगतो, दुसरा आपल्याकडे किती वेळा माल अडला हे सांगतो. दोघांची बेरीज किंवा सरासरी करून एक गुण बनवू नये.

यानंतरचा टप्पा अधिक फसवा आहे. नाकारलेला लॉट पुष्कळदा परत न पाठवता पुरवठादाराच्या माणसांकडून पूर्ण निवडून घेतला जातो. 'ख'च्या त्या लॉटच्या निवडीत १,००० पैकी ४६ नग सदोष निघाले. हा आकडा नमुन्यापेक्षा अधिक खात्रीचा असल्यामुळे F मध्ये १,००० आणि G मध्ये ४६ भरावेत असे कोणालाही वाटते. पण 'ख'चे त्या महिन्यात असेच आणखी चार लॉट स्वीकारले गेले होते, आणि त्यांच्या ३२० नगांच्या एकत्रित नमुन्यात १ सदोष नग मिळाला होता. निवडीचे आकडे मिसळले तर ४७ भागिले १,३२०, म्हणजे ३.५६ टक्के होतात. फक्त पहिल्या तपासणीचे आकडे घेतले तर ५ भागिले ४००, म्हणजे १.२५ टक्के होतात.

यांतील कोणता आकडा वास्तवाला जवळचा आहे? स्वीकारलेल्या ४,००० नगांत नमुन्याच्या प्रमाणाने सुमारे १२ किंवा १३ सदोष नग असावेत, त्यात निवडीत मिळालेले ४६ मिळवले तर ५,००० नगांत सुमारे ५९, म्हणजे जवळपास १.२ टक्के. मिसळलेला आकडा याच्या तिप्पट आहे, कारण आपण फक्त वाईट लॉट पूर्ण तपासतो आणि चांगल्या लॉटमधून ८०च नग उचलतो. साहजिकच वाईट लॉटचे वजन बारापट होते. म्हणून F आणि G मध्ये कायम पहिल्या तपासणीचेच आकडे ठेवावेत आणि निवडीचा निकाल स्वतंत्र रकान्यात लिहावा. तो पुरवठादाराशी त्या लॉटबद्दल बोलताना आणि निवडीचा खर्च लावताना उपयोगी पडतो, प्रमाण काढताना नाही.

सवलतीने घेतलेला आणि उशिरा सापडलेला माल

लॉट १०३ मधील मापात बसत नसलेले ३० नग जोडणीचे काम अडले म्हणून डेव्हिएशनवर, म्हणजे सवलत देऊन, वापरले गेले असते, तर परत गेलेले नग ७६ ऐवजी ४६ झाले असते आणि खरेदी विभागाच्या डेबिट नोटांवरून प्रमाण १.५३ टक्के आले असते. नग मात्र सदोषच होते. सवलत दिल्यावरही G मधील आकडा बदलू नये. फक्त H कमी व्हावा आणि I मध्ये सवलतीची नोंद व्हावी. असे केले नाही तर आपल्याकडे मालाची निकड असेल त्या महिन्यात पुरवठादाराची गुणवत्ता सुधारल्यासारखी दिसते. डेबिट नोटांची बेरीज H शी जुळली पाहिजे, G शी नव्हे. हे दोन्ही विभागांना एकदा लेखी कळवले की आकडे न जुळण्याच्या बऱ्याच तक्रारी थांबतात.

उशिरा सापडलेल्या दोषांबाबत निर्णय थोडा अवघड आहे. लॉट १०३ मधील आणखी २० नग पुढच्या महिन्यात जोडणीच्या वेळी सदोष निघाले. ते सापडले त्या महिन्यात धरले, आणि त्या महिन्यात 'क'ने फक्त ४०० नग पाठवले असले, तर त्या निर्दोष ४०० नगांवर ५ टक्क्यांचा डाग लागतो. ते मूळ लॉटवर नेले तर मागच्या महिन्याचे २.५३ टक्के बदलून ३.२ टक्के होतात, आणि वाटून झालेले गुणपत्रक खोटे ठरते. मी दोन रकाने ठेवतो. आवक तपासणीतील प्रमाण महिना बंद झाल्यावर गोठवायचे आणि पुन्हा बदलायचे नाही. जोडणीत सापडलेले नग मूळ लॉटच्या महिन्यासमोर वेगळ्या रकान्यात चढवायचे, आणि त्या रकान्याच्या शीर्षकात 'अमुक तारखेपर्यंत' असे लिहायचे. डब्यांवरची चिठ्ठी हरवल्यामुळे लॉट ओळखता येत नसेल, तर 'लॉट अज्ञात' अशी फक्त संख्या द्यावी. अंदाजाने कोणत्याही लॉटवर ती टाकू नये.

दोषांच्या नावांबद्दल थोडेसे

'गंज', 'गंज लागला', 'रस्ट' आणि शेवटी एक मोकळी जागा असलेला 'गंज ' हे संगणकाला चार वेगळे दोष वाटतात, आणि मग सर्वांत मोठा दोष तुकड्यांत विभागला जाऊन यादीत खाली जातो. नोंद करताना दोष संकेतांक ठरलेल्या यादीतूनच निवडता येईल असे करावे. 'इतर' हा पर्याय ठेवावा, पण त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे गेला की त्यातील नोंदी वाचून यादीत नवा संकेतांक घालावा. पुरवठादाराच्या नावाऐवजी संकेतांक वापरण्याचे कारणही हेच आहे.

'क'च्या ७९ दोषनोंदींमध्ये मापाचे ४२, गंजाचे १९, आट्यांचे १० आणि बरचे ८ होते; म्हणजे अनुक्रमे सुमारे ५३, २४, १३ आणि १० टक्के. या रकान्याचे शीर्षक 'दोषनोंदींतील वाटा' असे असावे. 'नाकारलेल्या नगांतील वाटा' असे लिहिले तर कोणीतरी ५३ टक्क्यांनी ७६ ला गुणून सुमारे ४० नग काढतो, आणि ४२ नोंदींशी ते जुळत नाही म्हणून पुन्हा नवा वाद उभा राहतो.

आकडा बरोबर असूनही श्रेणी देऊ नये अशी स्थिती

ज्या पुरवठादाराचे महिन्यात दहाच नग तपासले गेले आणि एक सदोष निघाला, त्याचे प्रमाण १० टक्के येते आणि तो यादीत सर्वांत खाली जातो. उलट ६० नग तपासून एकही सदोष न मिळालेला पुरवठादार शून्य टक्क्यांनी सर्वांत वर बसतो. शून्य दोष मिळाले असता खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारणपणे ३ भागिले तपासलेले नग इतकी असते. ६० नगांसाठी ती ५ टक्के होते. म्हणजे तो पुरवठादार २.५३ टक्क्यांच्या 'क'पेक्षा चांगला आहे असे त्या ६० नगांवरून म्हणता येत नाही. आम्ही ३०० पेक्षा कमी नग तपासलेल्या पुरवठादारांना मासिक श्रेणी देत नाही. त्यांचे आकडे छापतो, पण श्रेणीच्या जागी 'नोंदी अपुऱ्या' असे लिहितो आणि सहा महिन्यांचे नग एकत्र करून पाहतो. ३०० ही संख्या घेण्याचे कारण एवढेच की त्या ठिकाणी शून्य दोषांची वरची मर्यादा १ टक्क्यावर येते. आपल्याकडची स्वीकार्य मर्यादा वेगळी असेल तर ही संख्याही त्याप्रमाणे बदलावी.

'क'च्या बाबतीत श्रेणीची मर्यादा २ टक्के होती, त्यामुळे १.६५ वर तो पहिल्या श्रेणीत होता आणि २.५३ वर दुसऱ्या श्रेणीत गेला. दुरुस्त गुणपत्रक पाठवताना त्यासोबत चारही लॉटची यादी, म्हणजे आवक क्रमांक, तपासलेले नग, सदोष नग आणि दोष संकेतांक, जोडली होती. त्याने ती आपल्या पाठवणीच्या नोंदींशी लावून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, तो लॉट १०४ च्या गंजाबद्दल: माल आल्यानंतर तपासणी होईपर्यंत तो किती दिवस पडून होता? आमच्या नोंदीत आवकेची तारीख होती, पण तपासणीची नव्हती. त्या दिवसापासून `Lots` मध्ये तपासणीच्या तारखेचा रकाना वाढवला आहे.